जोड्या लावा: चारही जोड्या सोडवायच्या की एका पक्क्या जोडीवरून पर्याय उडवायचे?

राज्यघटनेच्या डॉक्ट्रिन्सवरचे 'जोड्या लावा' सोडवायच्या दोन पद्धती आहेत, मी दोन्ही वर्षभर वापरून बघितल्यात. एकात पर्याय झाकून आधी चारही जोड्या रफमध्ये लावायच्या आणि मग जुळणारा पर्याय शोधायचा. दुसरीत जी एक जोडी डोळे मिटून सांगता येते ती धरायची आणि तिच्याशी न जुळणारे पर्याय खोडत जायचे.

एक प्रश्न घेऊ. डावीकडे अ) एक्लिप्स म्हणजे ग्रहणाचा सिद्धांत, ब) सेव्हरेबिलिटी, क) पिथ अँड सबस्टन्स, ड) प्रॉस्पेक्टिव्ह ओव्हररुलिंग. उजवीकडे परिणाम: 1) विसंगत भाग तेवढा रद्द, बाकी कायदा चालू, 2) कोर्टाने लावलेला नवा अर्थ फक्त पुढच्यासाठी, 3) कायदा झोपतो, अडथळा गेला की परत जागा होतो, 4) दुसऱ्या यादीतल्या विषयाला जाता जाता धक्का लागला तरी कायदा वैध. अ-ब-क-ड या क्रमाने पर्याय असे:

(1) 3-1-4-2
(2) 1-3-4-2
(3) 3-4-1-2
(4) 1-3-2-4

प्रॉस्पेक्टिव्ह ओव्हररुलिंगचा गोलकनाथ खटला, 1967, जवळजवळ सगळ्यांना पाठ असतो, त्यामुळे ड-2 ही सगळ्यात पक्की जोडी. पण ड ची कॉलम बघा, तीन पर्यायांत 2 च आहे, म्हणजे एवढ्या खात्रीच्या जोडीने उडतो फक्त चौथा. तेच क-4 धरलं तर तिसरा आणि चौथा दोन्ही जातात. म्हणून आधी पर्यायांच्या कॉलम उभ्या वाचायच्या, आकडे कुठे दोन-दोन फुटलेत ते बघायचं आणि त्या कॉलममधलं आपल्याला काही पक्कं येतंय का ते शोधायचं.

आता उरले पहिला आणि दुसरा, फरक फक्त अ आणि ब मध्ये. इथेच बहुतेक जण अडकतात, कारण एक्लिप्स आणि सेव्हरेबिलिटी दोन्ही कलम 13 मधूनच येतात आणि दोन्हीकडे 'विसंगतीपुरता शून्यवत' हेच शब्द. मला हे केस वाचल्यावरच सुटलं. मुंबई राज्य वि. बलसारा, 1951: दारूबंदी कायद्यातल्या काही तरतुदी कोर्टाने कापल्या, उरलेला कायदा चालू राहिला, ही सेव्हरेबिलिटी. भिकाजी नारायण ढाकरस, 1955: सी.पी. अँड बेरारचा 1947 चा मोटार वाहन दुरुस्ती कायदा, सरकारला रस्ता वाहतूक पूर्ण ताब्यात घेऊ देणारा, 26 जानेवारी 1950 नंतर कलम 19(1)(g) च्या आड आला, पण 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने 19(6) बदललं आणि तोच कायदा नव्याने पास न करता परत लागू झाला. तिथे काही कापलं नव्हतं, सावली पडली होती ती सरकली. म्हणजे अ-3, उत्तर पहिला.

पूर्ण पद्धतीच्या बाजूने लोक सांगतात की चूक झाली तर तुमचा क्रम पर्यायांत सापडत नाही, म्हणजे आपोआप इशारा मिळतो. हे खरंय, आणि पक्की वाटलेली जोडीच चुकली (उदाहरणार्थ पिथ अँड सबस्टन्स आणि कलरेबल लेजिस्लेशन यांची गल्लत झाली) तर दुसऱ्या पद्धतीत बरोबर पर्याय पहिल्याच झटक्यात जातो आणि कळतही नाही. पण पेपर काढणारा नेहमीची गल्लत ओळखूनच पर्याय ठेवतो ना, वरचा दुसरा पर्याय बघा, अ-ब ची अदलाबदल तिथे तयारच आहे, मग इशारा कुठला मिळणार. आणि जेव्हा मिळतो तेव्हा काय होतं ते मला फार छळायचं: रफमध्ये चार बाण, क्रम पर्यायांत नाही, मग मी चुकीची जोडी शोधायला जायचो आणि बरोबर लावलेलीच बदलून बसायचो, वर तीन-चार मिनिटं खर्च. एका मॉकमध्ये लागोपाठ दोन प्रश्नांत हे झालं आणि त्या दिवसापासून मी पर्याय झाकणं सोडलं.

निगेटिव्ह मार्किंगचाही हिशोब आहे. यूपीएससी प्रीलिमच्या जीएसमध्ये बरोबरला 2, चुकीला 0.66 वजा. चार पर्यायांत अंदाज मारला तर सरासरी हाताला काहीच लागत नाही, दोन उरले असतील तर प्रश्नामागे साधारण 0.67 पडतात.

ज्यांचं घटनेचं वाचन पक्कं आहे आणि वेळही उरतो त्यांना पहिली पद्धत जमत असेल तर माझा आग्रह नाही. एक मात्र लक्षात ठेवा, 2023 च्या यूपीएससी प्रीलिममध्ये 'वरीलपैकी किती जोड्या बरोबर' असे प्रश्न बरेच होते, पर्याय फक्त एक, फक्त दोन असे. तिथे क-4 कितीही पक्की असली तरी फार तर 'एकही नाही' हा पर्याय खोडता येतो, तो दिलेला असला तर. पुढे चारही जोड्या तपासाव्याच लागतात, म्हणून बलसारा आणि ढाकरस दोन्ही वाचून ठेवा.