सबवूफर हलवला आणि ८० हर्ट्झ हरवला: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

रत्नागिरीजवळचं आमचं घर चिऱ्याचं, कौलारू. माजघरात दोन छोटे स्पीकर, दहा इंची सबवूफर आणि एक साधा एव्ही रिसीव्हर आहे. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर, म्हणजे त्याखालचं काम सबवूफरचं, वरचं स्पीकरचं. पण ही सीमा काही कुंपणासारखी नसते. साधारण ६० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात दोघेही एकाच वेळी वाजत असतात, आणि माझी सगळी भानगड तिथेच झाली.

सुरुवातीला सबवूफर समोरच्या कोपऱ्यात होता, माझ्या खुर्चीपासून ३.६ मीटरवर. रिसीव्हरने माइक लावून स्वतःच मोजणी केली आणि सबवूफरचं अंतर ५.१ मीटर दाखवलं. याच अंतरावरून तो कोणाचा आवाज किती थांबवून सोडायचा ते ठरवतो. तेव्हा मी हसलो होतो. गणपतीत तो कोपरा मखराला लागला, म्हणून सबवूफर खुर्चीच्या मागे भिंतीशी नेला. विसर्जनानंतरही तो तिथेच राहिला, कारण आईला कोपरा मोकळा बरा वाटला.

त्यानंतर भजनाच्या रेकॉर्डिंगमधली मृदंगाची धूम पोकळ वाटू लागली. थाप ऐकू यायची, अंग नसायचं. सबवूफरचा आवाज वाढवला तर अगदी खालचा घुमारा वाढायचा, कौलं थरथरायची, पण धूम भरायची नाही. हे लक्षण ओळखून ठेवा: आवाज वाढवूनही मधलं भगदाड बुजत नसेल तर बहुधा सबवूफर कमी पडत नसतो, तो स्पीकरच्या विरुद्ध चाललेला असतो.

टेपने मोजलं. नव्या जागेपासून खुर्ची १.५ मीटर, म्हणजे सबवूफर २.१ मीटर जवळ आला होता. आपल्याकडच्या उकाड्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर धरला तर ८० हर्ट्झची लाट ४.३६ मीटर लांब, अर्धी २.१८. मी सबवूफर जवळजवळ नेमका अर्धी लाट सरकवला होता! खुर्चीपाशी स्पीकरची लाट हवा ढकलायची तेव्हा सबवूफरची लाट हवा ओढत असायची.

मग मी शहाणपणा करून रिसीव्हरमध्ये टेपवरचे १.५ मीटर भरले. तरी काम बिघडलेलंच. कारण सबवूफरच्या आतलं सर्किट आणि फिल्टर सिग्नलला थोडा उशीर लावतात, आणि रिसीव्हरने तो उशीर अंतरातच धरला होता. ३.६ ऐवजी ५.१ आले ते त्यामुळेच. यंत्र चुकलं नव्हतं. आता जुन्या आकड्यातून फक्त सरकवलेलं अंतर वजा करायचं होतं: ५.१ वजा २.१, म्हणजे ३.०.

खात्री कानाने केली. ८० हर्ट्झचा सलग सूर लावला, एकच स्पीकर आणि सबवूफर चालू ठेवले, दोघांची पातळी वेगवेगळी वाजवून सारखी केली. फोनचं आवाज मोजणारं अ‍ॅप खुर्चीवर ठेवलं. मग सबवूफरचा फेज मुद्दाम १८० वर टाकला, म्हणजे पोलॅरिटी उलटी केली, आणि अंतर दहा-दहा सेंटिमीटरने बदलत आवाज कुठे सर्वांत खाली पडतो ते शोधलं. तो २.९ वर अक्षरशः बसला. फेज परत शून्यावर आणला की तीच सर्वांत भरीव जागा. उलटं शोधायचं कारण सोपं आहे. दोघे ३० अंशांनी चुकले तरी जोरात जेमतेम ०.३ डेसिबलचा फरक पडतो, तो कळत नाही. खड्डा मात्र एवढ्यानेच उथळ होतो.

एक फसगत इथे होऊ शकते. पूर्ण एक लाट पुढे, म्हणजे ७.३ च्या आसपास, तसाच खड्डा मिळतो. म्हणून ६० आणि १०० हर्ट्झवरही तेच करून पाहिलं. खऱ्या जागी तिन्ही सूर बसतात, खोट्या जागी फक्त ८० चा.

अंतर न बदलता नुसता फेज १८० केला असता तर? माझ्या बाबतीत बरंच भागलं असतं, कारण चूकच अर्ध्या लाटेची होती. पण १८० चा स्विच सगळ्या सुरांना सारखंच उलटवतो आणि मिलिसेकंदांचा तोच उशीर प्रत्येक सुराला वेगवेगळ्या अंशांनी सरकवतो, त्यामुळे ६० आणि १०० ला थोडी तूट राहिलीच असती. शून्य ते १८० चं फिरतं बटण मी शेवटच्या बारीक जुळणीपुरतंच वापरतो. आणि सबवूफर एकटा वाजवूनही खड्डा दिसत असेल तर तो खोलीचा आहे. तिथे फेज कितीही फिरवा, सबवूफरची जागाच बदलावी लागते.

ही जुळणी एकाच खुर्चीपुरती खरी. आईच्या झोपाळ्यावर धूम अजून पातळच लागते, आणि झोपाळा हलवायची गोष्ट काढायची माझी हिंमत नाही. यंदाच्या गणपतीत सबवूफर पुन्हा कुठे जाईल देव जाणे, म्हणून कपाटाच्या दाराच्या आतून खडूने लिहून ठेवलंय: पुढे ५.१, मागे २.९.