तीन तासांत फुल्ल होणारी बॅटरी आणि माझे 30,500 रुपये

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. बावीस वर्षं लोकांचे पैसे मोजतोय, आणि मला तीसला पाचने भागता आलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण ज्याने फसवलं तो अजून दुकान उघडून बसलाय, तेव्हा लाजायचं मी एकट्यानेच का?

माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरची जुनी लेड अ‍ॅसिड बॅटरी बसली होती. गावातल्याच एका दुकानदाराने लिथियम पॅक सुचवला. साठ व्होल्ट, तीस एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप, एका चार्जमध्ये सत्तर किलोमीटर, एक वर्षाची वॉरंटी, चार्जर त्यातच. भाव 34,500. जुनी बॅटरी 4,000 ला धरली, म्हणजे माझ्या खिशातून 30,500 गेले. त्यातले 10,000 यूपीआयने आणि 20,500 रोख, कारण 'पक्कं बिल घेतलं तर काका जीएसटी वर लागेल.' मीही म्हटलं, कशाला उगाच. कच्च्या पावतीवर लिहिलंय 'लिथियम बॅटरी 60 व्होल्ट, 1 नग'. तीस एएच कुठेही नाही. पावतीवर एएच लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडलं.

आता ती रात्र. गाडी पार संपून बंद पडली होती, शेवटचा चौक ढकलत आणली. नऊ वाजता चार्जिंगला लावली. जुनी बॅटरी रात्रभर खायची, म्हणून सकाळीच बघू म्हणून पडलो. बाराच्या पुढे पाणी प्यायला उठलो तर गॅलरीत चार्जरचा दिवा नुकताच हिरवा झालेला. घड्याळात 12:20. मी बायकोला उठवून तो दिवा दाखवला! म्हटलं, बघ, लिथियम म्हणतात ते हे. ती डोळे चोळत म्हणाली, "अहो, दुप्पट चालणारी बॅटरी निम्म्या वेळात कशी भरेल?" मी तिला म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही.

तिला कळलं होतं. मला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला कौतुकाने सांगितलं, तर तो म्हणाला, "फास्ट चार्जर दिलाय काका तुम्हाला." माझी छाती आणखी फुगली. चार्जर उलटा करून मागचं लेबल वाचावं, एवढंही सुचलं नाही. त्यावर स्वच्छ छापलंय: आउटपुट 67.2 व्होल्ट, 5 अँपिअर. लेबलावर इनपुटचेही अँपिअर असतात, ते भिंतीकडून येणारे. हिशेबाला ते घेऊ नका, आउटपुटचेच घ्या. आणि तीस एएच म्हणजे काय? पाच अँपिअरने भरायला सहा तास. साधा भागाकार.

सहा तासही फक्त कागदावर. सुरुवातीला चार्जर पूर्ण 5 अँपिअर ढकलतो. बॅटरी 67.2 व्होल्टला टेकली की तो व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि करंट उतरत जातो, पाचाचे तीन, तिनाचा एक, आणि अगदी थोडा उरला की दिवा हिरवा. भरलेल्या एसटीत शेवटच्या चार जणांना घुसायला वेळ लागतो, तसंच. ढोबळ हिशेब असा करा: 90 टक्के, म्हणजे 27 एएच, पूर्ण करंटने, 27 ÷ 5 = 5.4 तास. उरलेले 3 एएच सरासरी निम्म्या करंटने, 3 ÷ 2.5 = 1.2 तास. एकूण सव्वासहा ते सात तास. चार्जर मोठा असेल तर हे शेपूट शेवटच्या दहा टक्क्यांच्या आधीच सुरू होतं, तेव्हा मोठ्या चार्जरवर नुसता भागाकार आणखी चुकतो.

माझी 3 तास 20 मिनिटांत भरली. शेपूट सोडा, सगळा वेळ पूर्ण पाच अँपिअर गेले असं धरलं तरी साडेसोळा-सतरा एएचच्या वर काही आत जाऊच शकत नाही. तीस कुठून येणार?

हे मला कळायला दोन महिने लागले. गाडी 36 किलोमीटरला बंद पडायची. दुकानदार म्हणायचा, "बॅटरी मुरू द्या, दहा-बारा चार्जिंग झाली की उघडेल." मी मुरू दिली. लोणचं आहे का ते!

शेवटी भाच्याने युनिट मोजायचं मीटर आणलं, प्लग आणि चार्जरच्या मध्ये लावायचं. रिकाम्यापासून हिरव्या दिव्यापर्यंत 1.02 युनिट. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, ती धरून खऱ्या तीस एएचला दोनच्या आसपास लागले असते. ओळखीच्या वायरमनने क्लॅम्प मीटर लावून करंटही बघितला, 4.9. म्हणजे चार्जर प्रामाणिक, बॅटरी चोर. ही परीक्षा गाडी पूर्ण रिकामी झाल्यावरच घ्या; निम्मी भरलेली लावाल तर तीन तास येणारच आणि तुम्ही गरीब दुकानदाराला शिव्या द्याल. दिवा लवकर हिरवा व्हायचं आणखी एक कारण असतं: एखादी सेलची रांग आधी भरली की आतलं सर्किट चार्जिंग तोडतं. पण नव्या पॅकमध्ये तसं होत असेल तर तोही मालाचाच दोष.

मग मी दुसरी चूक केली. रागाच्या भरात मेकॅनिककडून पॅक उघडवला. आत 2200 एमएएचचे सेल, सोळा रांगा, रांगेत सात-सात. सात गुणिले 2.2 म्हणजे 15.4 एएच. उरलेल्या जागेत थर्माकोल. वरून तीस एएचचा स्टिकर. दुकानदार हसत म्हणाला, "सील तोडलंत काका, आता वॉरंटी संपली." उघडू नका. हिरव्या दिव्यापर्यंतचा व्हिडिओ काढा, मीटर आणि घड्याळ एका चौकटीत ठेवून.

चौकीत गेलो तर साहेबांनी पावती उलटसुलट केली. "बॅटरी चालते ना? मग फसवणूक कसली?" मी भागाकार समजावायला लागलो, तर शेजारचा हवालदार म्हणाला, "काका, गणिताचा तास शाळेत." दिवाणी बाब आहे म्हणून घालवून दिलं. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. एकवीस दिवसांनी 'विक्रेत्याशी संपर्क होऊ शकला नाही, तक्रार बंद' असा मेसेज. तो विक्रेता स्टँडसमोर बसतो, रोज दहा ते नऊ! ग्राहक आयोगाच्या खिडकीवर तपासणी अहवाल मागितला. कुठल्या प्रयोगशाळेचा, ते कोणी सांगेना. नंतर एका वकिलाने सांगितलं की 2019च्या कायद्यात आयोग स्वतःच माल तपासायला पाठवू शकतो आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. हे खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल? की मलाच सांगायचं नव्हतं? तिथे तीन हेलपाटे झाले, दर वेळी अर्धी रजा, आणि एकदा साहेब जेवायला गेलेत म्हणून दोन तास बाकड्यावर.

वकिलाच्या सांगण्यावरून आता यूपीआयची नोंद आणि दुकानदाराचा 'तीस एएच फायनल' असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जोडून अर्ज दिलाय. तो मेसेज डिलीट केला नव्हता, हेच नशीब.

परवा त्या दुकानावरून गेलो. एक कॉलेजचा पोरगा नवी बॅटरी बसवून घेत होता. दुकानदार त्याला सांगत होता, "तीन तासांत फुल्ल." मी गाडी थांबवून म्हटलं, बाळा, चार्जर उलटा करून अँपिअर बघ. दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं.