जिप्सम की सिमेंट : चौदा महिन्यांचा अनुभव

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाऊसमध्ये हॉल आणि दोन्ही बेडरूमना जिप्सम प्लास्टर आहे, तर स्वयंपाकघर, बाथरूम आणि जिन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा आहे.

फिनिशच्या बाबतीत तुलनाच नाही. जिप्समची भिंत काचेसारखी सपाट येते, त्यामुळे ती पूर्ण वाळल्यावर पुट्टी न भरता थेट प्रायमर मारता आला. सिमेंटच्या भिंतींवर आधी सात दिवस पाणी मारावे लागले आणि नंतर पुट्टीचे दोन हात द्यावे लागले. आम्हाला मिळालेल्या दरांत सिमेंटचा गिलावा चौरस फुटाला ३२ रुपये आणि पुट्टी १४ रुपये, म्हणजे एकूण ४६ रुपये पडले. जिप्सम मालासकट ४० रुपयांत झाले. नुसता गिलाव्याचा दर पाहिला असता, तर सिमेंटच स्वस्त वाटले असते.

जिन्यात सिमेंटवर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसते, कारण सिमेंट वाळताना आकसते आणि तिथे पाणी मारण्यात आमच्याकडून हयगय झाली. जिप्सम जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे तशी जाळी तिथे नाही. मात्र हॉलमध्ये बीमच्या खालच्या कडेने एक सरळ भेग आलीच. तो दोष जिप्समचा नव्हे: काँक्रीटचा बीम आणि ब्लॉकची भिंत तापमानाने कमीजास्त हलतात आणि मिस्त्रीने त्या एकाच सांध्यावर फायबरची जाळी लावायची राहून गेली होती. सिमेंट असते तरी ती पडलीच असती.

खरी अडचण पावसाळ्यात कळली. पश्चिमेकडच्या बेडरूमच्या खिडकीखाली जुलैअखेरीस रंग फुगला आणि त्याचे पोपडे सुटू लागले. नख दाबले, तर भिंत ओल्या खडूसारखी मऊ लागली. हाताच्या अंतरावर मात्र ती टणक होती. जिप्सम पाण्यात थोडे विरघळते, त्यामुळे सतत ओल राहिली की त्याचा टणकपणा जातो. सिमेंटवर तीच ओल आली असती, तर रंग खराब झाला असता, पण गिलावा टिकला असता. आतून कितीही डागडुजी केली तरी उपयोग नव्हता, कारण पाणी खिडकीच्या चौकटीबाहेरच्या फटीतून येत होते. पाऊस ओसरल्यावर आधी ती फट सीलंटने बुजवली आणि भिंत पूर्ण वाळू दिली. मग खिडकीखालचा दीड फुटाचा पट्टा ब्लॉकपर्यंत खरवडून वॉटरप्रूफिंग द्रव्य मिसळलेल्या सिमेंटने भरला.

जमिनीलगतचे चार इंच मिस्त्रीने सुरुवातीपासूनच सिमेंटचे ठेवले होते. तेव्हा मला ती उगाचची कटकट वाटली होती, पण रोज फरशी पुसूनही तिथे आजवर पोपडा सुटलेला नाही.