पोटातल्या जंतूची तपासणी: रक्ताची की शौचाची?

बीडकडचे आमचे मामा ऊसतोडीत कंबर धरली की डायक्लोफिनॅकची गोळी घ्यायचे, तीही उपाशीपोटी. मग बेंबीच्या वर आग पडू लागली, रात्री झोपेतून उठवणारी. दुर्बिणीत अल्सर दिसला, हेलिकोबॅक्टर नावाचा जंतूही सापडला. डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक बंद केलं. आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन अँटिबायोटिक 14 दिवस दिली. मामांनी एकही डोस चुकवला नाही.

आता जंतू गेला का, हे कसं कळणार?

रक्ततपासणी सोपी, पण ती जंतू नव्हे, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. जंतू मेल्यावरही ती कित्येक महिने रक्तात राहतात. बरा झालेला माणूस 'पॉझिटिव्ह' दिसतो आणि विनाकारण पुन्हा औषधं गिळतो.

शौचाच्या अँटिजेन तपासणीत जंतूचेच अंश शोधतात. नमुना द्यायला लोक लाजतात, तरी मी हीच सांगेन. अट एवढीच: अँटिबायोटिक संपून किमान 4 आठवडे आणि पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी थांबवून 2 आठवडे झालेले हवेत, नाहीतर जंतू असूनही 'निगेटिव्ह' येतं. गोळी डॉक्टरांना विचारूनच थांबवायची.

मधे डांबरासारखी काळी शौच झाली, तर तपासणीची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.