चॅट कधी साधं, कधी नीटनेटकं का दिसतं? वेबसाइटवर विचारू की व्हॉट्सॲपवर?

हा प्रश्न आमच्याकडे सारखा येतो. वेबसाइटच्या चॅटमध्ये उत्तर छान ठळक अक्षरात, टेबलसकट दिसलं आणि तेच व्हॉट्सॲपवर मागितलं तर मध्ये चांदण्या आणि रेघा का आल्या, मोबाइल बिघडलाय का? नाही, मोबाइल ठीक आहे. आम्ही पाठवतो ती नुसती अक्षरं असतात आणि ठळक कुठे, यादी कुठे हे सांगायला त्यातच खुणा टाकलेल्या असतात. ही मार्कडाउन नावाची पद्धत 2004 पासून आहे. समोरच्या ॲपला त्या खुणा कळल्या तर तुम्हाला सजलेलं उत्तर दिसतं, नाही कळल्या तर खुणाच दिसतात.

समजा तुम्ही ब्रॉडबँडचे तीन प्लॅन विचारले. आमच्याकडून जातं ते असं, इथे पहिलाच प्लॅन दाखवलाय:

```
**मासिक प्लॅन**
| प्लॅन | स्पीड | दर |
|---|---|---|
| बेसिक | 40 | 399 |
```

वेबसाइटवर याचं ठळक शीर्षक आणि टेबल होतं. व्हॉट्सॲपला ठळकसाठी दोन्ही बाजूंना एकेकच चांदणी लागते, म्हणून जास्तीच्या तशाच राहतात, आणि टेबल तर तिथे बनतच नाही, उभ्या रेघा येतात, लांब ओळ मोडून खाली जाते आणि 399 नक्की कुठल्या प्लॅनचे ते कळत नाही. त्यामुळे दरांची तुलना करायची असेल तर सरळ वेबसाइटवर विचारा, तिथेच नीट वाचता येईल.

एसएमएसमध्ये फॉरमॅटिंग काहीच नाही, वर मराठीत एका मेसेजमध्ये 70 च अक्षरं बसतात (इंग्रजीत 160), म्हणून तिथलं उत्तर मुद्दामच तोकडं आणि साधं असतं. तक्रार नंबर किंवा तारीख हवी असेल तर मात्र एसएमएस उत्तम, नेट नसलं तरी येतो.

आता खरी काळजी घ्यायची जागा. नीटनेटकं दिसतं म्हणजे बरोबरच असेल असं धरू नका. बॅलन्सचा कोड `*121*1#` असा पाठवला आणि तो साधा मजकूर म्हणून गेला तर वेबसाइटचं चॅट दोन्ही चांदण्यांना खूण समजून खाऊन टाकतं, तुम्हाला तिरकं 121 आणि पुढे 1# दिसतं, आणि ते डायल केलं की कोड चालतच नाही. चुकीचं काही दिसत नाही म्हणून शंकाही येत नाही, लोक सिम खराब समजून दुकानात जातात हो! मध्येच एखादा आकडा उगाच तिरका दिसला तर ओळखा की काहीतरी गळलंय, आणि आम्हाला "कोड वेगळ्या चौकटीत पाठवा" असं सांगा, चौकटीतल्या मजकुराला चॅट हात लावत नाही. नाहीतर तेवढा कोड एसएमएसवर मागवून घ्या, तिथे चांदणी ही चांदणीच राहते.