घरच्या कॉम्प्युटरवरचे जुने चॅट: हिस्टरी पुसावी, इन्कॉग्निटो वापरावं की वेगळं खातं करावं?

घरात एकच कॉम्प्युटर आहे. विंडोजचं खातंही एकच आहे, त्याला पासवर्ड नाही आणि क्रोम सगळ्यांचं एकच. तुम्ही कधीतरी त्यावर व्हॉट्सअॅप वेब उघडलं, काम झालं आणि टॅब बंद केला. आता ते जुने चॅट कुणाच्या नजरेला पडू नयेत असं वाटतंय. अशा वेळी हात आपोआप हिस्टरी पुसण्याकडे जातो. पण तीन मार्गांत सर्वांत कमी उपयोगाचा तोच आहे, निदान नुसता वापरला तर.

हिस्टरी म्हणजे कोणत्या पानांना भेट दिली त्यांच्या पत्त्यांची यादी. चॅट तिथे नसतात. व्हॉट्सअॅप वेब आपली लॉगिनची ओळख आणि संदेशांची स्थानिक प्रत ब्राउझरच्या ‘साइट डेटा’मध्ये ठेवतं. म्हणून यादी कोरी केली तरी कुणी web.whatsapp.com टाइप केलं की तुमचे चॅट समोर येतात. फोन खिशात असो की बंद, फरक पडत नाही, कारण जोडलेला कॉम्प्युटर फोन ऑनलाइन नसतानाही चालतो. फोन सलग 14 दिवस वापरला नाही तर ही जोडणी आपोआप तुटते, पण तेवढे दिवस फोनला हात न लावणारा माणूस सापडणं कठीण.

दुसरी, जास्त महागात पडणारी चूक म्हणजे कॉम्प्युटरवर बसून एकेक चॅट डिलीट करत सुटणं. जोडलेल्या उपकरणांवरचे बदल एकमेकांकडे जातात. इथे काढलेला चॅट फोनवरूनही जातो. तुम्हाला फक्त कॉम्प्युटरवरची प्रत नको असेल, तर चॅटला हात लावू नका, जोडणी तोडा. लॉग आउट केल्याने फोनवरचं काहीही जात नाही.

म्हणून पुसायचंच असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी व्हॉट्सअॅप वेबच्या मेनूतून Log out करा. मग फोनवर Linked devices ही यादी उघडून तो कॉम्प्युटर तिथून गेला का ते पाहा. कॉम्प्युटर हाताशी नसेल तर याच यादीतून त्याला बाहेर काढता येतं. प्रत्येक नोंदीखाली ते उपकरण शेवटचं कधी चालू होतं तेही लिहिलेलं असतं. तुम्ही बाहेर असताना घरच्या कॉम्प्युटरची वेळ ताजी दिसली, तर निदान ते पान तेव्हा उघडं होतं एवढं कळतं.

त्यानंतर कॉम्प्युटरवर क्रोमच्या अॅड्रेस बारमध्ये हे टाका:

```
chrome://settings/content/all
```

शोधचौकटीत whatsapp लिहून तेवढ्याच साइटचा डेटा काढा. मग हिस्टरीच्या पानावर तेच नाव शोधून त्या नोंदी काढा. हे Ctrl+Shift+Delete दाबून, All time निवडून सगळं एकदम उडवण्यापेक्षा मला बरं वाटतं. कुकीजसकट सगळं उडवलं की घरातल्या प्रत्येकाला आपापल्या साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं, आणि कोरी हिस्टरी बघून ‘हे कुणी पुसलं?’ हा प्रश्न हमखास येतो. फायरफॉक्समध्ये हिस्टरीतल्या नोंदीवर उजवी क्लिक केली की त्या साइटला पूर्ण विसरण्याचा पर्याय मिळतो, तो आणखी सोपा आहे.

एक पाहून घ्या: क्रोममध्ये तुमचं गूगल खातं जोडून सिंक चालू असेल, तर इथे पुसलेली हिस्टरी तुमच्या फोनच्या क्रोममधूनही जाते. त्याच न्यायाने फोनवर पाहिलेली पानं घरच्या कॉम्प्युटरवर दिसतात. सामायिक क्रोममध्ये सिंक नकोच.

आता इन्कॉग्निटो. महिन्यातून एखाद्या वेळी, दहा मिनिटांसाठी चॅट उघडायचे असतील तर हा मार्ग पुरेसा आहे. सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद झाल्या की लॉगिन आणि साइट डेटा जातो. ‘सगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा. एक खिडकी मागे खाली करून ठेवलेली राहिली, तर नव्या इन्कॉग्निटो खिडकीतही तेच लॉगिन जिवंत असतं. दर वेळी क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो आणि लॉग आउट न करता खिडकी बंद केली तर फोनच्या यादीत मेलेली नोंद मागे राहते. चारच उपकरणांची मर्यादा असल्याने अशा नोंदींनी यादी भरते. रोजच्या वापराला हा मार्ग कंटाळवाणा, आणि कंटाळा आला की माणूस साध्या खिडकीकडे वळतोच.

शिवाय उतरवलेल्या फाइल्स इन्कॉग्निटोतही Downloads मध्ये राहतात. पुसापुशीत सर्वाधिक विसरली जाणारी जागा ही. व्हॉट्सअॅप वेबवरून घेतलेल्या फोटोंची नावं बहुधा WhatsApp Image अशी सुरू होतात. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘WhatsApp’ शोधलं की ते एकगठ्ठा सापडतात. पीडीएफ मात्र मूळ नावानेच उतरतात, त्या डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. काढल्यावर रिसायकल बिनही रिकामा करा. फाइल डेस्कटॉपवर किंवा Documents मध्ये ठेवली असेल आणि तिथला वनड्राइव्ह बॅकअप चालू असेल, तर त्याचा वेगळा रिसायकल बिन वेबवर असतो. वैयक्तिक खात्यात तिथे फाइल 30 दिवस पडून राहू शकते.

रोज चॅट वापरायचे असतील तर उत्तर एकच: विंडोजमध्ये स्वतःचं वेगळं खातं, पासवर्डसह. क्रोमचं वेगळं प्रोफाइल हा त्याला पर्याय वाटतो, पण नाही. प्रोफाइलमुळे पसारा वेगळा होतो, कुलूप लागत नाही. कुणीही चित्रावर क्लिक करून तुमच्या प्रोफाइलमध्ये शिरू शकतं. विंडोजच्या खात्यात ब्राउझर, Downloads आणि व्हॉट्सअॅपचं अॅप, सगळंच तुमचं वेगळं असतं. उठताना Win+L दाबलं की झालं. लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर झळकू नये म्हणून नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये तेवढं बंद करा.

या कुलपाची किल्ली अॅडमिनिस्ट्रेटर खात्याकडेही असते, हे धरून चला. साध्या खात्यातून दुसऱ्याचा फोल्डर उघडत नाही, पण अॅडमिनला विंडोज एक प्रश्न विचारतं, Continue दाबलं की आत सोडतं. स्थानिक खात्याचा पासवर्डही तो बदलू शकतो. घरातलं मुख्य खातं ज्याच्या हाती आहे त्याच्यापासूनच काही जपायचं असेल, किंवा कॉम्प्युटरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर असल्याची शंका असेल, तर तिन्ही मार्ग सोडा आणि ते चॅट फक्त फोनवर ठेवा. वेगळं खातं काढल्याने जुन्या सामायिक खात्यातलं काही आपोआप जात नाही, तिथली वरची साफसफाई एकदा करावीच लागते.

फाइल खोदून काढणाऱ्या सॉफ्टवेअरची भीती साध्या घरात फारशी बाळगू नये. एसएसडी असेल तर पुसलेल्या जागा ड्राइव्ह स्वतःच मोकळ्या करत जातो, मग परत मिळवणं अवघड होतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर मात्र पुसलेली फाइल तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत सापडू शकते. तिथे रिसायकल बिन रिकामा केल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
cipher /w:C:\
```

ही आज्ञा असलेल्या फाइल्सना धक्का न लावता फक्त मोकळ्या जागेवर लिहिते. मोठ्या डिस्कवर याला तास-तास लागतात, तेव्हा कॉम्प्युटर कुणाला लागणार नसेल अशा रात्री लावून ठेवा.