सागवानी टेबलावरचे ओरखडे: जवसाचं तेल, मेणाच्या कांड्या आणि नऊ महिन्यांचा अनुभव

आमचं जेवणाचं टेबल सागवानी आहे, पाच फूट बाय तीन फूट, सासऱ्यांनी करून घेतलेलं. वर लाखेचं पॉलिश, म्हणजे ज्याला पॉलिशवाले स्पिरिट पॉलिश म्हणतात ते. गेल्या दिवाळीत फराळाच्या गडबडीत कुणीतरी लोणच्याची चिनी मातीची बरणी उचलण्याऐवजी सरकवली. बरणीच्या बुडाची कड बिनझिलईची, खरखरीत असते. टेबलाच्या मधोमध वीतभर लांब पांढरा चरा उमटला. त्याच्या आजूबाजूला आधीपासून बारीक ओरखड्यांचं जाळं होतंच. मधे काही महिने भांड्याच्या घासणीच्या खरखरीत बाजूने टेबल पुसलं जात होतं, त्याची ती कमाई.

पूर्ण पॉलिश करून घ्यायचं नव्हतं. म्हणून नोव्हेंबरात मी तीन गोष्टी आणल्या: रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे जवसाचं तेल, वेगवेगळ्या तपकिरी छटांच्या मेणाच्या कांड्यांचा संच, जो वॅक्स स्टिक किंवा फर्निचर क्रेयॉन म्हणून मिळतो, आणि मधमाशीचं मेण. आता ऑगस्ट सरतोय. उन्हाळा आणि कोकणातला पावसाळा दोन्ही बघून झाले, म्हणून आता लिहिते आहे. लावल्या दिवशी सगळंच छान दिसतं, त्यावर विश्वास ठेवू नका.

खरी सुरुवात मी चुकीची केली. घरात होतं म्हणून आधी खोबरेल तेल लावलं. जाळं क्षणात नाहीसं झालं आणि मी खूश झाले. आठवड्याभरात ते परत दिसायला लागलं, वर धूळ चिकटून पृष्ठभाग किटकिट झाला तो वेगळाच. कारण साधं आहे. ओरखडा पांढरा दिसतो तो रंग गेल्यामुळे नव्हे. पॉलिशच्या तुटलेल्या कडांवर उजेड विखुरतो म्हणून. त्या फटीत हवेऐवजी तेल बसलं की उजेड सरळ आत जातो आणि रेघ दिसेनाशी होते. पण खोबरेल कधीच वाळत नाही. पुसलं की निघतं, आणि निघालं की रेघ परत येते. ऑलिव्हचंही तसंच. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याचा पातळ पापुद्रा बनतो. अक्रोडाचं तेलही वाळतं, म्हणून ओरखड्यावर अक्रोडाचा गर चोळायची जुनी युक्ती अगदीच खोटी नाही. गरातलं तेल फार थोडं असतं, इतकंच. आणि घरात कुणाला अक्रोडाची ॲलर्जी असेल तर जेवणाच्या टेबलावर ती करू नये.

लिंबाचा रस आणि तेल एकत्र करून लावायचा उपाय पुष्कळजण सुचवतात. लाखेच्या पॉलिशवर तो मी करणार नाही. रसात पाणीच जास्त असतं आणि लाखेला पाणी सोसत नाही, पांढरट डाग पडतात.

तेल कुठे चालेल आणि कुठे नाही हे मला दोन परीक्षांवरून कळलं. पहिली ओल्या बोटाची. बोट ओलं करून ओरखड्यावर फिरवायचं. ओलं असेपर्यंत रेघ दिसेनाशी झाली तर तेलाने काम होईल. दुसरी नखाची. नख आडवं फिरवलं आणि ते अडलं, तर तिथे खाच आहे. तेल खाच भरत नाही, तिथे मेणच लागतं. आमच्या टेबलावरचं जाळं पहिल्या परीक्षेत पास झालं. बरणीच्या चऱ्यात नख स्पष्ट अडलं.

जाळ्यासाठी मी असं केलं. टेबल आधी टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्याने पुसलं. स्पिरिटने नाही. स्पिरिट लाख विरघळवतं. (आपलं पॉलिश लाखेचं आहे का हे बघायचं असेल तर टेबलाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला स्पिरिटचं एक बोट लावा. मिनिटभरात चिकट झालं तर लाख.) मग जुन्या सुती बनियनचा तुकडा घेऊन त्यावर चमचाभरच तेल, आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकं चोळलं. पंधरा मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढलं. पुसून काढणं हेच मुख्य काम आहे. वर राहिलेलं तेल वाळताना गोंदासारखं होतं. पहिल्या वेळी एका कोपऱ्यात मी ते राहू दिलं आणि तिथे तीन दिवस हाताचे ठसे उमटत होते. शेवटी टर्पेंटाइनने धुऊन काढावं लागलं. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे जवसाचं तेल त्यावर आधीच सावकाश वाळतं. मी पूर्ण दोन दिवस टेबलावर काही ठेवू दिलं नाही.

इथे एक गोष्ट नीट वाचा. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते, आणि फडक्याच्या घडीत ती कोंडली की फडकं कुणी काडी न लावता पेटू शकतं. मी ते अंगणातल्या तारेवर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळू देते. फ्लॅटमध्ये असाल तर पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा.

आता बरणीचा चरा. संचातली कांडी निवडताना मी फसले होते. टेबलाच्या सर्वसाधारण रंगाशी जुळणारी घेतली, आणि भरल्यावर ती रेघ फिकट, मातकट दिसायला लागली. सागाच्या अंगावर फिकट आणि गडद पट्टे असतात, आणि डोळा गडद रेघेला लाकडाचाच भाग समजतो, फिकट रेघेला डाग. दुसऱ्या वेळी एक छटा गडद घेतली, आणि चरा जिथे फिकट पट्ट्यावरून जातो तिथे दोन कांड्या बोटांत मळून मधला रंग केला. रंग जुळवताना दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बसा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग सकाळी वेगळाच दिसतो.

कांडी आधी हातात धरून कोमट केली. मग चऱ्याच्या लांबीने न ओढता तिरपी, आडवी दाबत गेले, म्हणजे मेण खाचेत घुसतं. जादा मेण काढायला बाद झालेलं एटीएम कार्ड. तेही चऱ्याला आडवंच ओढायचं. चऱ्याच्या बाजूने ओढलं की कार्डाची कड आत शिरते आणि भरलेलं सगळं खरवडून आणते. माझं दोनदा असं झालं. पुढचं घासणंही बोटाने करू नका. बोट मऊ असतं, ते फडक्यासकट खाचेत उतरतं आणि मेण उचलून आणतं. मी काडेपेटीएवढ्या सपाट लाकडी ठोकळ्याला मलमलीचा तुकडा गुंडाळला आणि रेषांच्या दिशेने, फक्त ठोकळ्याच्या वजनाने, पन्नासएक वेळा फिरवला. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा कांडीचा संच महाग की स्वस्त याने पडला नसता.

तरीही समोरून न दिसणारा चरा तिरक्या उजेडात दिसत होता, कारण पॉलिश चकचकीत आणि मेण मंद. त्यावर उपाय म्हणजे सगळ्या टेबलाला एकसारखा मेणाचा हात. त्यासाठी ५० ग्रॅम मधमाशीचं मेण किसून १५० मिलिलिटर टर्पेंटाइनमध्ये घातलं आणि झाकण लावलेली काचेची बाटली कोमट उन्हात दोन दिवस ठेवली. मेण विरघळून लोण्यासारखं मलम झालं. गॅसवर करू नका, टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. मलम अगदी पातळ लावायचं, वीस मिनिटांनी धुरकट दिसायला लागलं की स्वच्छ फडक्याने घासायचं. जाड थर कितीही घासला तरी चमकत नाही, नुसता ओघळल्यासारखा दिसतो. तसं झालं तर टर्पेंटाइनने पुसून परत पातळ लावणं हाच मार्ग.

नऊ महिन्यांत काय टिकलं? बारीक जाळं फेब्रुवारीपर्यंत दिसत नव्हतं, मग जिथे रोज ओलं फडकं फिरतं तिथे पुसट यायला लागलं. मेणाचा एक हात दिला की जातं. तेल परत लावावं लागलं नाही. चरा मात्र एप्रिलमध्ये एका टोकाला खोलगट झाला. तिथे कुणीतरी गरम कढई ठेवली होती. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, आणि या मऊ कांड्या त्याच्याही आधी नरम पडतात, कढईसमोर त्यांचा टिकाव लागत नाही. तेवढा भाग परत भरला. आता टेबलावर सुतळीची चुंबळ कायम असते. उलट कपाटाच्या कडेला भरलेले चार ओरखडे, जिथे ना उष्णता ना पुसापुसी, ते पहिल्या दिवसासारखे आहेत.

पावसाळ्याने एक धडा दिला. उत्साहाच्या भरात मी टेबलाच्या खणांना आतून, बिनपॉलिशच्या लाकडावर, खाण्याचं घाण्यावरचं जवसाचं तेल लावलं होतं. त्यात लवकर वाळवणारे घटक नसतात, ते वाळायला आठवडे घेतं. जुलैत खण उघडले तर आत राखाडी बुरशी. न वाळलेलं तेल म्हणजे बुरशीचं अन्न. कोकणात हे काम करायचं तर दिवाळीनंतर, हवा कोरडी असताना करा.

मुलाच्या रबरवुडच्या टेबलावर तर हा प्रयोग सरळ फसला. लाकूड फिकट, ओरखडा पॉलिश फाडून लाकडापर्यंत गेलेला. उघड्या लाकडाने तेल प्यायलं आणि पांढऱ्या रेघेची कायमची काळपट रेघ झाली. फिकट लाकडावर तेल लावूच नये, थेट फिकट रंगाची कांडी वापरावी.

गेल्या महिन्यात शेजारी काम करणाऱ्या पॉलिशवाल्या काकांना टेबल दाखवलं. त्यांना चरा सापडला नाही, मी दाखवल्यावर दिसला. पण त्यांनी आधी पृष्ठभागावर नख ओढलं, नखात आलेलं पांढरट मेण बघितलं आणि म्हणाले, "ताई, पुढे कधी पॉलिश करायला द्याल तेव्हा मेण लावलंय हे आधी सांगा. सगळं टर्पेंटाइनने दोनदा धुवायला लागतं, नाहीतर लाख धरत नाही." मेणाच्या बाटलीवर मी तसं चिकटपट्टीवर लिहून ठेवलं आहे.